घरच्या शिलाईसाठी मशीन कोणते घ्यावे?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की बऱ्याच घरांत शिलाई मशीनचा विषय निघतो. सुनबाईने वा मुलीने शिवणक्लास केलेला असतो, आळीतली ब्लाउजची कामे येऊ लागलेली असतात. मग तालुक्याला जाऊन दुकानदार दाखवील ते मशीन टेंपोत घालून आणले जाते. धंद्यासाठी मशीन घेताना कंपनीच्या नावाआधी एक गोष्ट बघावी असे आम्हाला वाटते: बिघडले तर ते कोण, किती दिवसांत दुरुस्त करणार?

हिशेब करून बघा. समजा बाई दिवसाला ४ ब्लाउज शिवते आणि शिलाई १५० रुपये आहे. ऐन लगीनसराईत मशीन ८ दिवस बंद पडले, तर ३२ ब्लाउज, म्हणजे ४,८०० रुपये गेले. शिवाय गिऱ्हाईक दुसरीकडे गेले ते गेलेच. खरेदीच्या वेळी हजार-पाचशे वाचवून काय मिळवले?

दुकानात साधारण तीन जातीची मशीने दिसतात. पहिले आपले काळे, लोखंडी, पायाने चालवायचे सरळ टाक्याचे मशीन. दुसरे हलके, विजेवरचे, पिको, काज आणि नक्षीचे टाके घालणारे. तिसरे कारखान्यातले टेबलासकटचे, जुकी किंवा जॅकसारखे. हे तिसरे फार वेगाने पळते, पण वीज गेली की ठप्प. दिवसभर एकसारखे काम असेल तरच ते परवडते. दुसरे दिसायला छान आहे, पण अस्तराच्या जाड शिवणी रोज चार-सहा तास ओढायला ते बनवलेले नाही, आणि त्याचे भाग गावच्या मिस्त्रीकडे सहसा मिळत नाहीत. सुरुवातीला काळेच घ्यावे, हे आमचे मत. पुढे त्यालाच मोटार बसवता येते. पिकोचे काम वाढेपर्यंत ते बाहेरून करून घ्यावे.

काळ्या मशीनमध्येही दोन प्रकार आहेत. दोरा खालीवर ओढणारा दांडा जुन्या पद्धतीत खाचेत फिरणाऱ्या रोलरवर चालतो. खाच झिजली की खडखड सुरू होते. ‘लिंक मोशन’ प्रकारात तो जोडपट्ट्यांवर चालतो. आवाज कमी, आणि मोटार लावली तरी टिकतो. धंद्यासाठी हाच मागा.

आता कंपन्यांचे. उषा आणि सिंगर यांचे विक्रेते व मेकॅनिक दूरवर पसरलेले आहेत (मेरिट हे नाव सिंगरचेच). लुधियानाकडच्या लहान कारखान्यांची मशीने स्वस्त मिळतात. त्यांतली सगळी वाईट नसतात, पण त्यांची सेवा म्हणजे बहुधा तुमचा गावचा मिस्त्रीच. म्हणून दुकानदाराला “सर्व्हिस आहे का?” असे विचारू नका, “आहे” असेच उत्तर येणार. त्यापेक्षा “या मशीनचे शटल आणि बॉबीन केस काढून दाखवा” म्हणा. कपाटातून लगेच निघाले तर ठीक. “मागवून देऊ” म्हणाला, तर लगीनसराईतही तो मागवूनच देणार. मेकॅनिक कुठे राहतो, आपल्या गावी येतो का आणि येण्याचे काय घेतो, हेही तिथेच विचारून घ्या.

दुकानात जाताना घरून दोन चिंध्या न्या, एक पातळ सुती आणि एक जाड कापडाची. चाक दोन बोटांनी फिरवा. ते कुठेही अडता कामा नये. पातळ चिंधीवर शिवा, मग जाड कापडाची चौपदरी घडी घालून तिच्यावरून न्या. घडीवर टाका सुटतो का ते पाहा. उलटा टाका आधीच्याच ओळीवर पडतो का, तेही तपासा.

घरी आल्यावर टाका सुटू लागला तर लगेच मेकॅनिकला बोलावू नका. आधी सुई बदला. वाकलेली, पुरती वर न बसलेली किंवा चुकीच्या जातीची सुई हेच कारण पुष्कळदा असते. घरगुती मशीनची सुई एका बाजूने चपटी असते, कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची. ती इथे चालत नाही. नवी सुई लावूनही टाका सुटला, तर शटलचे टोक सुईपाशी वेळेवर पोचत नाही असे समजा. ते काम मिस्त्रीचे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली, तर दोष बहुतेक वरच्या दोऱ्याचा असतो. पायटा वर उचलून दोरा पुन्हा ओवा, म्हणजे तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसतो.

वॉरंटीत सुई, पट्टा, बॉबीन सहसा धरत नाहीत; कार्ड दुकानातच वाचा. त्यावर शिक्का, तारीख आणि मशीनच्या पट्टीवरचा नंबर घालून घ्या, पक्के बिल घ्या. कंपनी दाद देत नसेल, तर ग्राहकांसाठी सरकारचा १९१५ हा फोन नंबर आहे. तिथे तक्रार नोंदवताना हेच बिल हाताशी लागते.