गोल, रेघ आणि टिक!

ऑनलाइन फॉर्म भरताना वरती ती गोलांची माळ दिसते ना? चार-पाच आकडे आणि त्यांना जोडणारी रेघ. झालेल्या पायरीवर टिक, सध्याची ठळक, पुढच्या फिकट. डिझायनर मंडळी हिला ‘स्टेपर’ म्हणतात. दिसायला एकदम सिंपल! पण तिची खरी परीक्षा होते ती आपण मागे जातो तेव्हा.

असे फॉर्म डिझाइन करणाऱ्या एका मैत्रिणीने मला हा फंडा कागदावर काढून दाखवला. समजा, कर्जाचा अर्ज आहे. पायऱ्या चार : माहिती, पत्ता, कागदपत्रं, तपासणी. पहिल्या तीन भरून तुम्ही चौथीवर आलात. पिनकोड बदलायचाय म्हणून दुसरीवर परतलात, आणि बघता तर काय, ‘कागदपत्रं’वरची टिक गायब! अपलोड केलेलं सगळं गेलं की काय? टेन्शन!

गेलेलं काहीच नसतं. फक्त प्रोग्रामने एकच आकडा लक्षात ठेवलेला असतो : सध्याची पायरी २. मग तिच्या आधीची ‘झाली’ आणि नंतरच्या सगळ्या ‘बाकी’, असा त्याचा साधा हिशेब.

दोन वेगळे प्रश्न

मैत्रीण म्हणाली, “तू कुठे आहेस आणि तुझं काय भरून झालंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत गं!” म्हणून प्रत्येक पायरीची ‘झाली’ ही खूण स्वतंत्र ठेवायची. आता दुसरीवर परतलं, की पहिल्या तिन्ही गोलांवर टिक राहते, दुसऱ्याभोवती जास्तीचं ठळक कडं येतं आणि चौथा फिकट दिसतो.

रेघेचंही तसंच. चार गोलांमध्ये रेघा तीन. नियम एकच : डावीकडची पायरी झाली असेल तर रेघ गडद. त्यामुळे मागे गेलं तरी तिन्ही रेघा गडदच राहतात.

एक अपवाद मात्र आहे. पत्ताच बदलला तर आधी दिलेला पत्त्याचा पुरावा जुळणार नाही. तेव्हा तिसरी टिक मुद्दाम काढायची, पण गुपचूप नाही. तिथे ‘पुन्हा तपासा’ असं स्पष्ट लिहायचं.

रंगावर भिस्त नको

हिरवं म्हणजे झालं, राखाडी म्हणजे बाकी, एवढ्यावर भागत नाही. काहींना हिरवा-लाल नीट वेगळा दिसत नाही. म्हणून टिक, कडं आणि आकडा असे आकारच वेगळे हवेत. चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, फरक लगेच कळेल. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी सध्याच्या पायरीला `aria-current="step"` लावतात आणि झालेल्या पायरीच्या नावात ‘पूर्ण’ हा शब्द घालतात. मोबाइलवर चार नावं मावत नसतील, तर ‘४ पैकी २ : पत्ता’ एवढी ओळ पुरते.

तुमच्या ऑफिसच्या साइटवर असा फॉर्म असेल, तर शेवटच्या पायरीपर्यंत जा आणि दुसरीवर परत या. तिसरीची टिक जागेवर आहे का, बघा!