लाख समीकरणे आणि सहा पायऱ्या

लोखंडी पत्र्याच्या कडा ठरावीक तापमानाला धरल्या, तर आतल्या प्रत्येक ठिकाणी तापमान किती असेल? संगणकावर हे काढताना पत्र्यावर ३०० गुणिले ३०० बिंदूंची जाळी टाकली, की नव्वद हजार अज्ञात संख्या आणि तितकीच समीकरणे मिळतात. गणितात ती Ax = b अशी लिहितात. A हे गुणांकांचे मॅट्रिक्स. ‘क’ बिंदूचा ‘ख’वर जितका परिणाम, तितकाच ‘ख’चा ‘क’वर, म्हणून A सममित असते. शिवाय x शून्य नसेल तर xᵀAx ही राशी नेहमी शून्याहून मोठी येते, म्हणून त्याला धन-निश्चित म्हणतात.

या दोन गुणांमुळे प्रश्नाचे रूप बदलते. समीकरणे सोडवणे म्हणजे ½xᵀAx − bᵀx या राशीचे सर्वांत कमी मूल्य शोधणे, एखाद्या वाडग्याचा तळ गाठावा तसे. दर वेळी सर्वांत तीव्र उताराने खाली जाणे हा साधा उपाय. पण वाडगा अरुंद आणि लांबट असला, तर वाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नागमोडी जात राहते आणि एका पायरीने साधलेले पुढची पायरी थोडे बिघडवते.

मॅग्नस हेस्टेनीस आणि एडुआर्ड स्टीफेल यांनी १९५२ मध्ये यावर ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’ पद्धत मांडली. तिच्यात नवी दिशा p अशी निवडतात, की आधीच्या प्रत्येक दिशेशी तिचा pᵀAq हा गुणाकार शून्य यावा. मग एका दिशेत झालेले काम पुढे कधीच बिघडत नाही. त्यासाठी जुन्या सगळ्या दिशा साठवाव्या लागत नाहीत, फक्त शेवटची पुरते. प्रत्येक पायरीचा मुख्य खर्च म्हणजे A ने एका सदिशाला गुणणे.

हिशेब तंतोतंत असेल तर n अज्ञातांचे उत्तर जास्तीत जास्त n पायऱ्यांत मिळते. पण नव्वद हजार पायऱ्या कोणाला परवडणार? पद्धतीचे खरे बळ त्याच्या कितीतरी आधी थांबता येण्यात आहे, आणि किती आधी हे A ची आयगेनमूल्ये ठरवतात. A काही खास दिशांना न वळवता फक्त ताणते किंवा आकसते. त्या ताणाचे प्रमाण म्हणजे आयगेनमूल्य, λ.

सुरुवातीची चूक या खास दिशांमध्ये विभागून पाहा. k पायऱ्यांनंतर प्रत्येक घटक p(λ) ने गुणलेला असतो. p ही k घाताची बहुपदी असून p(0) = 1 एवढीच तिच्यावर अट असते. अशा सर्व बहुपदींमधून एकूण चूक, ऊर्जेच्या मापाने, सर्वांत कमी करणारी बहुपदी ही पद्धत आपोआप निवडते. आता A ची आयगेनमूल्ये फक्त १ आणि १० असतील, मग अज्ञात लाख का असेनात, (1 − λ)(1 − λ/10) ही बहुपदी दोन्ही ठिकाणी शून्य होते. उत्तर दोन पायऱ्यांत हाती येते.

प्रत्यक्षात मूल्ये तंतोतंत सारखी नसतात, पण जवळजवळ असली तरी काम भागते. समजा, लाखभर आयगेनमूल्ये ०.९ ते १.१ मध्ये आहेत आणि एकच १००० आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मूल्याचे गुणोत्तर सुमारे ११११. केवळ त्यावर बेतलेला नेहमीचा अंदाज चूक दहा लाख पटींनी कमी करायला २४२ पायऱ्या सांगतो. पण बहुपदीचे एक मूळ १००० वर ठेवले, की तो वेगळा पडलेला आकडा एका पायरीत निकालात निघतो. उरलेल्या घोळक्याला पाच पायऱ्या पुरतात, कारण इतक्या अरुंद पट्ट्यात बहुपदीला लहान राहणे सोपे जाते. एकूण सहा.

वेगळा आकडा १००० ऐवजी ०.००१ असेल, तर मात्र भाव चढतो. शून्याजवळ p ला १ असावेच लागते आणि लगेच पुढे शून्यावर यावे लागते. त्यामुळे घोळक्यावर ती हजारपट फुगते, आणि तो फुगवटा उतरवायला आणखी पायऱ्या जातात. याच हिशेबाने एकूण नऊ होतात.

पत्र्याच्या मॅट्रिक्सला असे भाग्य नाही. कर्णावर ४ आणि शेजारच्या बिंदूंसाठी −१ असे नेहमीचे गुणांक घेतले, तर त्याची आयगेनमूल्ये सुमारे ०.०००२ पासून जवळजवळ ८ पर्यंत पसरलेली असतात. म्हणून मूळ समीकरणांना आधी दुसऱ्या, सोप्या मॅट्रिक्सने सावरून घेतात. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. १९७७ मध्ये मेयरिंक आणि व्हान डर व्होर्स्ट यांनी मांडलेली अपूर्ण चोलेस्कीची रीत त्यांपैकी एक. तिने बरीचशी मूल्ये १ च्या आसपास गोळा होतात.

एक धोका लक्षात ठेवायला हवा. संगणक आकडे गोल करतो, त्यामुळे दिशांमधली ती शिस्त हळूहळू ढळते. एकदा निकालात काढलेले मोठे आयगेनमूल्य पुन्हा डोके वर काढते आणि कागदावरच्या हिशेबापेक्षा पायऱ्या वाढतात. शिवाय पद्धत स्वतः पुढे नेत असलेली शिल्लक चूक आणि खरी b − Ax यांत अंतर पडू शकते. म्हणून अधूनमधून b − Ax नव्याने मोजावी. शिल्लक घटत चालली आणि ही खरी संख्या जागची हलेना, तर त्याहून अधिक अचूकता तिथे मिळणार नाही.

तेव्हा पद्धत किती वेगाने चालेल हे जोखताना केवळ दोन टोकांचे गुणोत्तर पाहू नका. मधली मूल्ये किती घोळक्यांत बसली आहेत आणि शून्याजवळ कोण एकटे उभे आहे, हे आधी पाहा.