दोन आठवडे, दोन वेळापत्रकं

शेतीपंपाची वीज अनेक गावांत पाळीने येते: एक आठवडा दिवसा, पुढचा रात्री. त्यामुळे शेतात दारं धरणाऱ्या मुलाचं एकच वेळापत्रक चौथ्या दिवशी मोडतं. त्याने दोन करावीत.

समजा, घरी दोन एकर गहू आहे, एक म्हैस आहे आणि तयारी एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची आहे. दिवसपाळीत पहाटे 4 ते 6 गणित, मग धार आणि वैरण. दिवसभर पाणी, रात्री 8 ते 10 इतिहास-भूगोल. रात्रपाळीत मात्र पहाटेचा हट्ट सोडावा. धार काढून 7 ते 12 झोप, दुपारी 1 ते 5 उजेडात सलग अभ्यास.

वाफा भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात नवा धडा डोक्यात बसत नाही, पाणी मात्र बांध फोडून जातं. तिथे खिशातल्या चिठ्ठीवरची पाच कलमं तोंडपाठ म्हणावीत. गणिताला कागद आणि उजेड लागतो, उजळणीला लागत नाही. म्हणून घरची वीज गेली की अंधारात सकाळचं आठवून बोलावं.

रविवारी 60 मिनिटांत 100 प्रश्न सोडवावेत. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापावा. सोप्या गणितातच चुका वाढल्या, तर बहुधा झोप कमी पडतेय. अशा वेळी अभ्यासाचा तास कापावा, झोपेचा नाही.