पायातला जोडा आणि दारिद्र्याची रेषा

‘गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरी तूरडाळ किती लागली?’ राष्ट्रीय नमुना पाहणीचा माणूस ओसरीवर बसून विचारतो. डाळ झाली की तेल, मीठ, चहापत्ती, साबण. यादी लांबलचक असते. घरातली बाई आठवून आठवून सांगते, तो लिहून घेतो. देशात गरीब किती, याचा आकडा अशा आठवणींच्या पायावर उभा राहतो.

हा पाया किती हलका आहे, हे 1994 ते 1998 या काळात पाहणी करणाऱ्यांनीच ताडून पाहिले. काही कुटुंबांना तीस दिवसांचा नेहमीचा प्रश्न विचारला. उरलेल्यांना अन्नासाठी फक्त गेल्या सात दिवसांचा, तर कपडेलत्ते आणि तशाच मोठ्या खर्चांसाठी वर्षाचा. सात दिवसांपूर्वीचे जेवण माणसाला नीट आठवते, महिन्यापूर्वीचे विसरते. त्यामुळे नव्या प्रश्नाला खर्चाचे आकडे वाढून आले आणि गरिबांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. एकाही घरात दाणा जास्त शिजला नव्हता. पुढे 1999-2000 च्या पाहणीत दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला शेजारी शेजारी विचारले गेले. लोकांनी एका उत्तराचा मेळ दुसऱ्याशी घातला आणि त्या वर्षीचा आकडा आधीच्या वर्षांशी ताडून पाहण्याजोगा राहिला नाही.

पण खर्च अचूक कळला, तरी रेषा कुठे ओढायची? या प्रश्नाला भारतातले एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातून आले. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज 2250 उष्मांक लागतात असे त्यांनी धरले. पण तेवढ्या अन्नाची किंमत काढून ते थांबले नाहीत. प्रत्यक्षात दरडोई किती खर्च करणाऱ्या घरांच्या ताटात तेवढे उष्मांक पडतात, हे त्यांनी पाहणीच्या आकड्यांतून शोधले. 1960-61 च्या भावांनी उत्तर आले: खेड्यात महिन्याला माणशी 15 रुपये, शहरात साडेबावीस. त्याखाली खेड्यांतले सुमारे 40 आणि शहरांतले सुमारे 50 टक्के लोक होते.

शेजारी कसा जगतो, याचा या मोजणीशी संबंध नाही. शरीराची गरज ठरली की रेषा ठरली. म्हणून हे निरपेक्ष दारिद्र्य. तरीही ती रेषा निसर्गाने आखून दिलेली नसते. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी खेड्यात माणशी 816 आणि शहरात 1000 रुपये महिना अशी रेषा आली, आणि तिच्याखाली 21.9 टक्के लोक सापडले. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी ती 972 आणि 1407 वर नेली, तेव्हा प्रमाण 29.5 टक्के झाले. मधल्या फरकात सुमारे नऊ कोटी माणसे आहेत. आणि दोन्ही रेषांत घराचा एकूण खर्च माणसांच्या संख्येने भागला जातो. सगळ्यांचे झाल्यावर तळाला उरलेले खाणारी सून आणि तिचा सासरा कागदावर सारखेच जेवतात.

श्रीमंत देशांत वेगळी पट्टी वापरतात. युरोपीय संघात, ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे लोक येतात त्या मधल्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखाली असलेल्यांना दारिद्र्याचा धोका आहे असे मानतात. हे सापेक्ष दारिद्र्य. तिच्या मागचा विचार ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी 1979 साली सविस्तर मांडला: आपल्या समाजात जे सर्वसाधारण समजले जाते त्यातून पैशाअभावी वगळला गेलेला माणूस गरीब. आपल्याकडे नुसती ही पट्टी लावली तर घोटाळा होईल. दुष्काळात सगळ्यांचेच उत्पन्न निम्मे झाले, तर मधले उत्पन्नही निम्मे होते आणि गरिबांचे प्रमाण जागचे हलत नाही. लोक उपाशी आणि आकडा शांत. अमर्त्य सेन यांनी 1983 मध्ये हाच आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की चारचौघांत लाज न वाटता वावरता येणे ही माणसाची निरपेक्ष गरज आहे. त्यासाठी काय लागेल, ते मात्र समाजागणिक बदलते. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये इंग्लंडबद्दल लिहिले होते, की तिथे कातडी जोड्याशिवाय गरिबातल्या गरिबालाही बाहेर पडायला लाज वाटेल.

तोच जोडा राजस्थानातही भेटतो. ना. स. जोधा या अर्थतज्ज्ञाने तिथल्या दोन खेड्यांतल्या कुटुंबांचा 1963 ते 1966 दरम्यान अभ्यास केला आणि वीस वर्षांनी, 1982 ते 1984 मध्ये, तो पुन्हा त्यांच्याकडे गेला. मधल्या काळात 36 कुटुंबांचे दरडोई खरे उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटले होते. पाहणीच्या हिशेबाने ती आणखी गरीब झाली होती. जोधाने मग लोकांनाच विचारले, की बरे दिवस आले हे तुम्ही कशावरून ओळखता? त्यांनी 38 खुणा सांगितल्या. आता धन्याच्या जागेत राहावे लागत नाही. टंचाईच्या दिवसांत तिसरे जेवण चुकवावे लागत नाही. गुरांना वेगळा आडोसा आहे, माणसे त्यांच्यात झोपत नाहीत. बायकांच्या पायात जोडा असतो. या 38 पैकी 37 खुणांवर ती 36 कुटुंबे सरासरीने आधीपेक्षा बरी ठरली.

उत्पन्न घटले हेही खरे आणि बाईच्या पायात जोडा आला हेही खरे. धन्याच्या तावडीतून सुटण्याची किंमत कमी पैशात मोजायला ही माणसे तयार असतील, तर फक्त पैसा मोजणाऱ्याने त्यांच्याबद्दल कमी आणि चुकीचे सांगितले, असेच म्हणावे लागेल.

आता अधिकृत मोजणीही पैशापलीकडे गेली आहे. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन देतो. त्यात बारा निकष असून वंचितपणाची बेरीज 33.3 टक्क्यांवर पोचली की घर गरीब. एक कल्पित घर घेऊ. मूल कुपोषित आहे: 16.7 टक्के. चूल लाकडावर, जमीन सारवलेली, संडास नाही: राहणीमानाच्या सात निकषांपैकी प्रत्येकाचे वजन 4.8, म्हणजे आणखी 14.3. बेरीज 31. हे घर गरीब नाही. उन्हाळ्यात विहीर आटली, पाण्याला जाऊन यायला अर्धा तास लागू लागला की आणखी 4.8 मिळतात, बेरीज 35.7 होते आणि घरातले सगळे एकदम गरिबांत मोजले जातात. पण पाहणीचा माणूस पावसाळ्यात आला, तर तो त्यांना गरीब लिहिणार नाही.

या मोजणीनुसार 2015-16 मध्ये देशातले 24.85 टक्के लोक गरीब होते, 2019-21 मध्ये 14.96 टक्के. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्हा सर्वांत मागे निघाला. बारा निकषांत पाणी आहे, वीज आहे, बँकखाते आहे. धन्याच्या जागेत राहावे लागते का, हे विचारणारा रकाना त्यात नाही.