देवनागरी शीर्षकाची घडण : सम जाडी, सलग शिरोरेखा

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा पोस्टरवर हाताने काढलेले देवनागरी शीर्षक नजरेत भरते ते दोन गोष्टींमुळे. एक, सगळ्या अक्षरांच्या रेषा एकाच हाताच्या, एकाच वजनाच्या वाटतात. आणि दुसरी, शिरोरेखा शब्दभर न अडखळता धावते. या दोन्ही गोष्टी नुसत्या पट्टीने साधत नाहीत. पट्टीने मोजून सारख्या काढलेल्या रेषा डोळ्याला पुष्कळदा असमान दिसतात, म्हणून अक्षररचनाकार मापापासून सुरुवात करतो आणि शेवटचा निवाडा डोळ्यावर सोपवतो.

ही प्रक्रिया एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, डेमी आकाराच्या, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर रुंद मुखपृष्ठासाठी ‘धुक्यातलं गाव’ असे शीर्षक काढायचे आहे. वरच्या ओळीत ‘धुक्यातलं’ आणि खालच्या ओळीत ‘गाव’. या दोन शब्दांत देवनागरीच्या बहुतेक अडचणी एकत्र येतात : ‘ध’चे उघडे डोके, ‘क्या’ हे दाट जोडाक्षर, दंड नसलेला मराठी वळणाचा ‘ल’, ‘ग’चा सुटा दंड, खाली उकार आणि वर अनुस्वार.

पहिला कच्चा आराखडा कटनिबने किंवा बोरूने लिहितात, कारण रेषांची जाडी कुठे वाढावी आणि कुठे कमी व्हावी हे लेखणीचे रुंद टोक आपोआप ठरवते. देवनागरी लिहिताना टोकाची धार डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी तिरकी धरतात. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेषा सर्वांत जाड उमटते आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी सर्वांत बारीक. ही धार आडव्या रेषेशी बरोबर ४५ अंशांचा कोन करत असेल, तर उभा दंड आणि आडवी शिरोरेखा सारख्याच जाडीची येते, निबच्या रुंदीच्या सुमारे सात दशांश. निब ३.५ मिलिमीटरचा असेल, तर दोन्ही रेषा जवळपास २.५ मिलिमीटरच्या होतात.

जाडी बिघडते ती बहुधा याच ठिकाणी. लिहिता लिहिता मनगट वळते आणि कोन ४५ वरून ३० अंशांवर येतो. मग त्याच निबने काढलेला दंड ३ मिलिमीटरचा होतो आणि शिरोरेखा पावणेदोन मिलिमीटरवर उतरते. शब्दाच्या सुरुवातीचे अक्षर एका वजनाचे आणि शेवटचे दुसऱ्या वजनाचे दिसू लागले, की निब बदलण्याआधी कोन तपासावा. कागदाच्या कडेला ४५ अंशांच्या काही तिरक्या रेषा पेन्सिलीने आखून ठेवल्या, तर प्रत्येक अक्षर सुरू करताना लेखणीची धार त्यांच्याशी ताडून पाहता येते.

अक्षराची उंची शिरोरेखेच्या वरच्या कडेपासून दंडाच्या टोकापर्यंत मोजतात. शीर्षकासाठी दंडाच्या जाडीच्या सहापट उंची धरली, तर अक्षर ठसठशीत राहते आणि त्याच्या पोटात पुरेशी मोकळी जागाही उरते. म्हणजे कच्चा आराखडा १५ मिलिमीटर उंचीचा होईल. त्याची झेरॉक्सवर चौपट मोठी प्रत काढली की दंड १० मिलिमीटर, उंची ६० मिलिमीटर आणि ‘धुक्यातलं’ या शब्दाची रुंदी साधारण २१५ मिलिमीटर होते. या प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून बाह्यरेषा नव्याने काढायच्या आणि दुरुस्त्याही तिथेच करायच्या. छपाईसाठी शीर्षक पुन्हा निम्मे केले की रुंदी १०८ मिलिमीटरच्या आसपास येते आणि मुखपृष्ठावर दोन्ही बाजूंना समास उरतो. दुप्पट आकारात काम करण्याचा फायदा असा, की हाताची बारीकसारीक थरथर लहान होताना दिसेनाशी होते.

ट्रेसिंगवर पहिली दुरुस्ती जाडीची असते. आडवी रेषा तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेषेपेक्षा डोळ्याला जाड वाटते. शिरोरेखा तर शब्दभर पसरलेली असते, म्हणून ती आणखीच भारी दिसते. त्यामुळे दंड १० मिलिमीटरचा असेल, तर शिरोरेखा ९ मिलिमीटरवर आणतात. गोलाईचे उलट आहे. ‘ध’ किंवा ‘व’च्या पोटाची वक्ररेषा आपल्या सर्वांत जाड जागी दंडाएवढीच ठेवली तर बारीक भासते, कारण ती जाडी एका बिंदूपुरतीच टिकते आणि लगेच उतरू लागते. तिथे अर्धा-एक मिलिमीटर वाढवावा लागतो. उकारासारख्या लहान अवयवाला मात्र पूर्ण जाडी दिली तर तो ठोकळ्यासारखा दिसतो. ‘धु’चा उकार साडेसात-आठ मिलिमीटरचा पुरतो.

रेषा एकमेकींना भेटतात तिथे काळे डाग पडतात, आणि ‘क्या’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अर्ध्या ‘क’चा मधला दंड, ‘य’चा दंड आणि काना अशा तीन उभ्या रेषा या एका अक्षरात शेजारी शेजारी उभ्या राहतात. तुलनेने पुढच्या ‘ल’ला पूर्ण दंडच नाही, शिरोरेखेतून उतरणारा आखूड दांडा तेवढा आहे. त्यामुळे शब्दाचा मधला भाग गडद आणि शेवट फिका दिसतो. यावर दंड बारीक करण्याचा मोह होतो, पण तसे केले की ‘क्या’ शेजारच्या अक्षरांपासून तुटल्यासारखा वाटतो. बरोबर उपाय रुंदीचा आहे. ‘य’चे पोट थोडे ऐसपैस करायचे, काना ‘य’च्या दंडापासून जरा लांब न्यायचा आणि ‘ल’ची दोन्ही वळणे आवरून घ्यायची. शिवाय ‘क’ची गोलाई दंडाला मिळते तिथे ती निमुळती करायची. दोन पूर्ण जाडीच्या रेषा एका कोपऱ्यात मिळाल्या, की छपाईत शाई पसरून तो कोपरा भरून जातो.

अक्षरांमधले अंतरही याच तत्त्वावर ठरते. दोन रेषांमधले मिलिमीटर सारखे ठेवून भागत नाही. अक्षरांच्या मधला पांढरा भाग सारखा दिसावा लागतो. देवनागरीत हा पांढरा भाग वरून शिरोरेखेने बंद आणि खालून उघडा असतो. ‘गा’मधला दंड आणि काना या दोन समांतर सरळ रेषा आहेत, म्हणून तिथे सर्वांत जास्त अंतर लागते, समजा १६ मिलिमीटर. त्यापुढे ‘व’चे गोल पोट येते. गोलाईच्या वर आणि खाली पांढरी जागा आपोआप उरते, म्हणून ‘व’ कान्याच्या बराच जवळ, ८ ते ९ मिलिमीटरवर आणावा लागतो. दोन्हीकडे १६ मिलिमीटर ठेवले, तर ‘गा’ आणि ‘व’ ही दोन वेगळी अक्षरे वाटतात, एक शब्द वाटत नाही.

अक्षरे जागच्या जागी बसल्यावर शिरोरेखा घेतात. लेखणीने लिहिताना प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेखा घेऊन येते आणि दोन तुकडे जोडावर एकमेकांवर चढतात. शीर्षकासाठी मात्र आधी शिरोरेखेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन सलग पेन्सिल रेषा आखाव्यात, अक्षरांची डोकी त्यांच्या दरम्यान आणून सोडावीत आणि शेवटी पट्टा एकदम भरावा. जोडावर होणाऱ्या चुका दोनच. दंडाचे तिरके टोक शिरोरेखेच्या वर डोकावले तर तिथे उंचवटा दिसतो, आणि ते शिरोरेखेत पुरेसे शिरले नाही तर खालच्या कोपऱ्यात खाच राहते. म्हणून दंड शिरोरेखेच्या मधूनच सुरू करायचा, म्हणजे त्याचे टोक पट्ट्यात झाकले जाते. खिळे जुळवून छापण्याच्या काळात प्रत्येक खिळ्याबरोबर शिरोरेखेचा तुकडा येई आणि छपाईत दोन खिळ्यांच्या सांध्यावर बारीक फट उमटे. संगणकावर अक्षरांचे आकार सुटे ठेवून नुसते शेजारी लावले, तर पडद्यावर आणि कधी कधी छपाईतही तशीच केसाएवढी पांढरी रेषा दिसते. त्यासाठी आकार किंचित एकमेकांवर चढवून शेवटी त्यांचा एकच आकार करावा.

शिरोरेखा सलग हवी हा नियम ‘ध’पाशी थांबतो. ‘ध’च्या डाव्या भागावर शिरोरेखा नसते. ती दंडाच्या थोडी अलीकडे सुरू होऊन उजवीकडे जाते. ती डावीकडे पूर्ण ओढली तर ‘ध’चा ‘घ’ होतो आणि शीर्षकच चुकते. हीच गोष्ट ‘भ’ आणि ‘म’ यांची. उघडी जागा दिसायला हवी तर ती निदान एका दंडाच्या जाडीएवढी ठेवावी. ठळक शीर्षकात ही फट सर्वांत आधी बुजते, आणि मुखपृष्ठ लहान आकारात छापले गेले की वाचकाला ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक कळत नाही. शब्दाच्या शेवटी शिरोरेखा दंडाच्या पुढे किती काढायची हेही ठरवून घ्यावे. ‘व’च्या दंडापुढे ३ ते ४ मिलिमीटर पुरतात. त्याहून जास्त काढली तर शब्द पुढे चालू असल्याचा भास होतो.

वर आणि खाली लटकणाऱ्या अवयवांसाठी जागा आधीच राखावी लागते. ‘लं’चा अनुस्वार दंडाहून किंचित मोठा, ११ ते १२ मिलिमीटरचा करतात, कारण सुटा ठिपका लहान दिसतो. त्याच्या आणि शिरोरेखेच्या मध्ये निदान पाच-सहा मिलिमीटर हवेत, नाहीतर निम्म्या आकारात तो रेषेला चिकटतो. ‘धु’चा उकार खाली उतरतो, म्हणून दुसऱ्या ओळीतला ‘गाव’ त्याच्या बरोबर खाली न ठेवता उजवीकडे सरकवला, तर दोन ओळी जवळ आणता येतात आणि शीर्षक एकसंध राहते.

शेवटची तपासणी वाचण्याची सवय मोडून करावी लागते, कारण शब्द ओळखीचा असला की डोळा त्यातले दोष गाळून टाकतो. कागद उलटा धरून किंवा आरशात पाहिला की अक्षरे केवळ आकार म्हणून दिसतात. डोळे बारीक करून पाहिले, तर ‘क्या’सारख्या जागी साचलेला काळेपणा लगेच जाणवतो. नंतर शीर्षक दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीपर्यंत लहान करून पाहावे. मराठी नाटकांची शीर्षके अनेक दशके घडवणाऱ्या कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या कामाला वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिरातींतही टिकावे लागे. आज मुखपृष्ठ मोबाइलच्या पडद्यावर तेवढेच दिसते. या आकारात ‘ध’चे डोके उघडे राहिले, अनुस्वार सुटा दिसला आणि शिरोरेखा कुठे जाड-बारीक वाटली नाही, तर रचना पक्की.

गडद पार्श्वभूमीवर पांढरे शीर्षक हवे असेल, तर त्यासाठी वेगळी प्रत करावी. कागदावर भोवतालची शाई अक्षरात शिरते आणि बारीक जागा आणखी बारीक होतात, म्हणून निमुळत्या जोडांना थोडी जाडी परत द्यावी लागते. पडद्यावर पांढरे अक्षर काळ्यापेक्षा भारी दिसते, त्यामुळे तिथे तेच शीर्षक किंचित बारीक ठेवतात. दोन्ही प्रतींत दंड आणि शिरोरेखा यांचे दहास नऊ हे प्रमाण मात्र कायम राहते.