आठव्या लेनचे 53 मीटर

14 ऑगस्ट 2016. रिओ ऑलिंपिकची पुरुषांची 400 मीटरची अंतिम शर्यत. दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हान नीकर्क आठव्या लेनमध्ये, म्हणजे सर्वांत बाहेर उभा होता. किरानी जेम्स आणि लाशॉन मेरिट हे आधीचे दोन विजेते त्याच्या आत, मागे होते. बंदुकीचा आवाज झाल्यापासून अंतिम रेषेपर्यंत वेडला पुढे कुणीच दिसलं नाही, कारण त्याच्या पुढे कुणी उभंच नव्हतं. त्याने 43.03 सेकंदांत शर्यत संपवली आणि मायकेल जॉन्सनचा 1999 पासून टिकलेला 43.18 सेकंदांचा विश्वविक्रम मोडला.

अशी शर्यत टीव्हीवर पाहताना घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हा एवढा पुढे का उभा आहे? याला फायदा नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. प्रमाणित ट्रॅकवर आठव्या लेनचा धावपटू पहिल्या लेनच्या धावपटूपेक्षा 53.03 मीटर पुढून निघतो. हा आकडा एका पट्ट्याच्या रुंदीतून निघतो, आणि तो कसा निघतो हे समजून घ्यायला शाळेतलं वर्तुळाच्या परिघाचं सूत्र पुरतं.

ट्रॅकपासून सुरुवात करू. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या प्रमाणित 400 मीटर ट्रॅकला दोन सरळ बाजू असतात, प्रत्येकी 84.39 मीटरची, आणि त्यांना जोडणारी दोन अर्धवर्तुळं. अर्धवर्तुळाची आतली कड केंद्रापासून 36.50 मीटरवर असते. त्या कडेच्या लांबीचा हिशेब केला तर मात्र फेरी 400 मीटर भरत नाही, दोन मीटरच्या आसपास कमी पडते. याचं कारण असं की कडेला घासून कुणी धावत नाही. पहिल्या लेनच्या आतल्या बाजूला पाच सेंटिमीटर उंचीची कड बसवलेली असते. पाय तिच्यावर पडला तर घोटा मुरगळायचा, म्हणून धावपटू तिच्यापासून थोडं अंतर राखतो. नियमाने हे अंतर 30 सेंटिमीटर धरलं आहे. त्यामुळे पहिल्या लेनची खरी त्रिज्या 36.80 मीटर होते, दोन्ही वळणं मिळून 231.22 मीटर होतात आणि दोन सरळ बाजूंचे 168.78 मीटर मिळवले की बरोबर 400 भरतात.

दुसऱ्या लेनपासून पुढे आतल्या बाजूला उंच कड नसते, फक्त रंगवलेली पांढरी रेषा असते. तिच्यामुळे पाय अडखळत नाही, म्हणून धावपटू तिच्या अधिक जवळून धावतो. तिथे मोजमाप रेषेपासून 20 सेंटिमीटरवर केलं जातं. दहा सेंटिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो विसरला तर दुसऱ्या लेनपासूनचा प्रत्येक आकडा चुकतो.

आता लेनची रुंदी. ती 1.22 मीटर असते, म्हणजे जवळजवळ चार फूट. तिच्यात उजवीकडची पाच सेंटिमीटरची पांढरी रेषा धरलेली असते, डावीकडची नाही. डावीकडची रेषा शेजारच्या लेनची. म्हणून वळणावर धावपटूचा पाय डाव्या रेषेवर पडतो की काय, याकडे पंचांचं बारीक लक्ष असतं. एका वळणावर 20 सेंटिमीटर आत सरकून धावलं, तर तेवढ्यात 63 सेंटिमीटर वाचतात. पूर्वी लेन 1.22 ते 1.25 मीटरपर्यंत चालत असे. 1.25 मीटरच्या लेन असतील, तर आठव्या लेनचं पुढचं अंतर आणखी 1.32 मीटरने वाढतं. आता नव्या ट्रॅकवर 1.22 हीच रुंदी असते, त्यात फक्त एका सेंटिमीटरचा कमी-जास्तपणा चालतो.

या आकड्यांवरून हिशेब मांडू. दुसऱ्या लेनची धावरेषा केंद्रापासून 36.50 अधिक 1.22 अधिक 0.20, म्हणजे 37.92 मीटरवर आहे. पहिल्या लेनपेक्षा ती 1.12 मीटर बाहेर आहे. दोन वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं, म्हणून जास्तीचं अंतर 1.12 गुणिले 6.2832, म्हणजे 7.04 मीटर. दुसऱ्या लेनच्या धावपटूला 7.04 मीटर पुढे उभं केलं की तो आणि पहिला दोघेही बरोबर 400 मीटर धावतात. तिसऱ्या लेनपासून प्रत्येक लेन आधीच्या लेनपेक्षा पुरती 1.22 मीटर बाहेर असते, म्हणून तिथून पुढे दरवेळी 7.67 मीटरची भर पडते. चौथ्या लेनला 22.37, सहाव्या लेनला 37.70, आठव्या लेनला 53.03. सुरुवातीच्या रेषांच्या या पायऱ्यांना मैदानावर स्टॅगर म्हणतात. 200 मीटरच्या शर्यतीत एकच वळण असतं, म्हणून सगळे आकडे निम्मे होतात आणि आठव्या लेनचा स्टॅगर 26.52 मीटर येतो. 100 मीटरला वळणच नाही, तिथे सगळे एका रेषेत.

या हिशेबात ट्रॅकची त्रिज्या वजाबाकीत नाहीशी होते, आणि मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. उरते ती फक्त लेनची रुंदी. वटपौर्णिमेला वडाच्या बुंध्याभोवती सूत गुंडाळतात ते आठवा. बुंध्याला चिकटून एक वेढा द्या आणि दुसरा बुंध्यापासून एक मीटर दूरून द्या. दुसऱ्या वेढ्याला 6.28 मीटर सूत जास्त लागेल. झाड शंभर वर्षांचा वड असो की काल लावलेलं रोप, जास्तीचं सूत तेवढंच. म्हणून 200 मीटरच्या लहान ट्रॅकवरही लेन 1.22 मीटरची असेल, तर एका पूर्ण फेरीचा स्टॅगर मोठ्या ट्रॅकइतकाच येतो. मैदान लहान आहे म्हणून स्टॅगर लहान द्यायचा, ही समजूत चूक आहे.

स्टॅगर माहीत असला की शर्यत पाहण्याची मजाही वाढते. 400 मीटरमध्ये पहिलं वळण संपलं की स्टॅगरचा निम्मा भाग भरून निघालेला असतो. सगळे सारख्याच वेगाने धावत असतील, तर मागच्या सरळ बाजूवर शेजारच्या दोघांमध्ये पावणेचार मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर दिसायला हवं. पाचव्या लेनचा धावपटू तिथेच सहाव्याच्या खांद्याला भिडला असेल, तर तो स्पष्टपणे पुढे आहे. अंतर सहा मीटर दिसत असेल, तर तो मागे पडला आहे. शेवटचं वळण संपल्यावर मात्र स्टॅगर पूर्ण फिटलेला असतो आणि डोळ्यांना दिसतो तोच खरा क्रम.

800 मीटरमध्ये पहिलं वळणच आपापल्या लेनमधून धावतात. मग ट्रॅकवर रंगवलेल्या एका कमानदार रेषेपाशी सगळ्यांना आत यायची मुभा मिळते. आठव्या लेनचा धावपटू तिरका आत येतो, आणि तिरक्या वाटेने त्याला सरळ जाणाऱ्यापेक्षा जवळपास 42 सेंटिमीटर जास्त पडतात. हेही हिशेबात धरलेलं असतं. ती रेषा कमानदार असते ती याचसाठी, आणि आठव्या लेनची सुरुवातही तेवढीच पुढे सरकवलेली असते. 4 बाय 400 रिलेत तीन वळणं लेनमधून धावावी लागतात. तिथे आठव्या लेनचा पहिला धावपटू सुमारे 80 मीटर पुढे उभा असतो. पाहणाऱ्याला हे धक्कादायक वाटतं, पण गणित तेच.

धावपटू असे विखुरलेले असले की आवाजाचाही प्रश्न येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. बंदूक एका लेनजवळ वाजली आणि दुसरा धावपटू तिच्यापासून 34 मीटर दूर असला, तर त्याला ती सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा ऐकू येईल. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. त्याच्यासमोर दहावा भाग केवढा मोठा! म्हणून मोठ्या स्पर्धांमध्ये प्रत्येक धावपटूच्या मागे स्वतंत्र स्पीकर ठेवलेला असतो.

या विषयाचं खरं महत्त्व मला शाळेच्या मैदानावर जाणवतं. तिथे सिंथेटिक ट्रॅक नसतो. केंद्रावर खुंटी ठोकून दोरीने वळण आखतात आणि फक्की टाकून लेन तयार करतात. जागा अपुरी म्हणून लेन बहुतेक वेळा एक मीटरची ठेवतात, पण स्टॅगरचे आकडे मात्र पुस्तकातले, 1.22 मीटरच्या लेनचे घेतात. समजा, 200 मीटरच्या अशा मैदानावर एका फेरीची शर्यत आहे. आतल्या बाजूला उंच कड नाही, नुसती फक्कीची रेषा आहे. अशा वेळी पहिली लेनसुद्धा 20 सेंटिमीटरवरच मोजायची, म्हणजे प्रत्येक लेनला सारखे 6.28 मीटर पडतात आणि सहाव्या लेनचा स्टॅगर 31.42 मीटर येतो. पुस्तकातून उतरवला तर तो 37.70 होतो. सहाव्या लेनच्या मुलाला सव्वासहा मीटर फुकट मिळाले! सेकंदाला सहा-सात मीटर धावणाऱ्या मुलांसाठी हा जवळजवळ एक सेकंद आहे, आणि सगळ्यांत आतल्या लेनमधली मुलगी कितीही जिवाच्या आकांताने धावली तरी तो भरून काढू शकत नाही. बाहेरच्या लेनमधली मुलंच वर्षानुवर्षं पहिली येत असतील, तर मुलांच्या ताकदीआधी आखणीवर संशय घ्यावा.

दुसरी चूक टेप धरण्यातली. स्टॅगर वळणावर मोजायचा असतो आणि टेप ताणला की तो वळण सोडून सरळ जातो. पहिल्या लेनची आतली त्रिज्या 18 मीटर असेल, तर सहाव्या लेनमध्ये 31.42 मीटर असे सरळ ताणून मोजल्यावर खुणेची जागा तब्बल तीन मीटर पुढे जाते. उपाय सोपा आहे. दर मीटरभर अंतरावर खिळे किंवा छोट्या खुंट्या रोवायच्या, लेनच्या आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेर, आणि टेप त्यांना टेकवून वळवत न्यायचा.

पडताळणीलाही हीच पद्धत लागते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दोन मुलं, एक टेप आणि खुंट्यांची पिशवी घ्यावी. सर्वांत बाहेरच्या लेनची सुरुवातीची रेषा धरून अंतिम रेषेपर्यंत पूर्ण फेरी मोजावी आणि तेच पहिल्या लेनमध्येही करावं. दोन्हीकडे 200 मीटर भरले की मधल्या लेनच्या खुणांमधलं अंतर सारखं आहे ना, एवढंच पाहायचं राहतं. भरले नाहीत, तर फक्की अजून पुसता येते.