अर्धा गुण कुठे गेला

जानेवारीतली प्री-बोर्ड परीक्षा नुकतीच संपली होती. नोएडातल्या ज्या शाळेत मी बारावीला फिजिक्स शिकवते, तिथे स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. एका गुणाचा प्रश्न होता: ड्रिफ्ट व्हेलॉसिटीची व्याख्या लिहा. एका मुलीने लिहिलं होतं, “तारेला बॅटरी जोडली की मुक्त इलेक्ट्रॉन धन टोकाकडे सरकतात, त्या सरकण्याच्या वेगाला ड्रिफ्ट व्हेलॉसिटी म्हणतात.” वाचताना त्यात चूक सापडत नव्हती. तरी मी समासात ½ लिहिलं.

सीबीएसईच्या मार्किंग स्कीममध्ये उत्तराचे तुकडे केलेले असतात. त्यांना ‘व्हॅल्यू पॉइंट’ म्हणतात आणि प्रत्येक तुकड्यासमोर त्याचे गुण लिहिलेले असतात. प्री-बोर्डसाठी मीही त्याच पद्धतीने स्कीम केली होती. ‘मुक्त इलेक्ट्रॉनांचा सरासरी वेग’ याला अर्धा गुण, ‘बाहेरून लावलेल्या विद्युतक्षेत्रामुळे’ याला अर्धा. मुलीने विद्युतक्षेत्र हा शब्द वापरला नव्हता, पण बॅटरी जोडल्यावर तारेत क्षेत्र तयार होतं, म्हणून तो अर्धा मी दिला. ‘सरासरी’ मात्र तिच्या वाक्यात कुठल्याच रूपात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका घेऊन आली. “मॅम, एक शब्द राहिला म्हणून अर्धा गुण? अर्थ तर तोच आहे ना?”

अर्थ तोच आहे का, हे आम्ही फळ्यावर पाहिलं. बॅटरी नसतानाही तारेतले मुक्त इलेक्ट्रॉन स्थिर नसतात. सेकंदाला लाखभर मीटर अशा वेगाने ते सगळ्या दिशांना धावत असतात आणि आयनांवर आदळून दिशा बदलत राहतात. जितके डावीकडे, तितकेच उजवीकडे. त्यामुळे सगळ्यांच्या वेगांची सरासरी शून्य येते आणि तारेत प्रवाह नसतो. बॅटरी जोडली की दोन धडकांच्या मधल्या काळात प्रत्येक इलेक्ट्रॉन धन टोकाकडे थोडा ओढला जातो. धावपळ तशीच चालू राहते, फक्त सरासरी आता शून्य उरत नाही. ती किती होते, याचं उदाहरण एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. 1 × 10⁻⁷ चौरस मीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून 1.5 अँपिअर प्रवाह गेला, तर ड्रिफ्टचा वेग सेकंदाला सुमारे 1.1 मिलिमीटर येतो. या गतीने एक मीटर तार ओलांडायला पंधरा मिनिटं लागतील.

मग मी तिला विचारलं, “तुझ्या वाक्यातला ‘सरकण्याचा वेग’ म्हणजे यातला कुठला? एकेका इलेक्ट्रॉनचा लाख मीटर, की सगळ्यांचा मिळून एक मिलिमीटर?” ती फळ्याकडे पाहत राहिली. एखादा विशिष्ट इलेक्ट्रॉन त्या क्षणी ऋण टोकाकडेही धावत असू शकतो, हे तिच्या व्याख्येत बसत नव्हतं. ‘सरासरी’ हा शब्द गाळला की कोट्यवधी इलेक्ट्रॉन एका रांगेत संथ चालल्याचं चित्र उभं राहतं, आणि ते चित्र खोटं आहे.

मुलांना वाटतं, तपासणारा ठरावीक शब्द शोधतो. बोर्डाच्या सूचना तसं सांगत नाहीत. स्कीममधले मुद्दे मार्गदर्शक आहेत, विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत लिहिलेलं बरोबर असेल तर गुण द्यावेत, असं त्यांत म्हटलेलं असतं. मात्र अलीकडच्या त्याच सूचनांनुसार मुख्य विषयाच्या रोज 20 उत्तरपत्रिका तपासायच्या असतात. तपासणारी नजर प्रत्येक उत्तरात मुद्दा शोधत वेगाने पुढे जाते. मुद्दा ‘समजून घ्या’ म्हणून वाक्याआड राहिला, तर तो लिहिलाच नाही असं धरलं जातं.

या पद्धतीची उलटी बाजूही त्याच गठ्ठ्यात होती. एका मुलाने व्याख्या पुस्तकातल्यासारखी लिहून पूर्ण गुण मिळवला. पुढच्याच प्रश्नात मात्र त्याने, इलेक्ट्रॉन वेगाने दिव्यापर्यंत पोहोचतात म्हणून दिवा लगेच लागतो, असं लिहिलं. खरं तर विद्युतक्षेत्र तारेभर जवळजवळ तत्क्षणी पसरतं, म्हणून दिव्यातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी सरकू लागतात. शब्द हाती असून अर्थ नसणं व्याख्येच्या प्रश्नात पकडता येत नाही. ते दुसऱ्या प्रश्नातच उघडं पडतं.

मुलीला मी म्हटलं, आता ‘सरासरी’ हा शब्द न वापरता लिही. थोडा विचार करून तिने लिहिलं, “विद्युतक्षेत्र लावल्यावर सगळ्या मुक्त इलेक्ट्रॉनांच्या वेगांची दिशेसकट बेरीज करून ती त्यांच्या संख्येने भागली की जो वेग उरतो तो.”

स्कीममधला शब्द त्यात नव्हता, पण बोर्डाच्या परीक्षेत या ओळीला मी पूर्ण एक गुण दिला असता. ‘दिशेसकट’ हे तर माझ्या स्कीममध्येही लिहिलेलं नव्हतं.